ओल्या वाळूतलं पाणी कुठे धरायचं?

प्रश्न : आमचं घर पौडच्या पुढे, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बांधून होत आहे. जून लागल्यापासून क्रश सँडचा ढीग कोरडा असा दिसलेलाच नाही, आणि खडीही सतत भिजलेली असते. पायाचं किरकोळ काम एम २० मध्ये फर्म्याने मोजून झालं. स्लॅब एम २५ चा आहे. त्यासाठी ठेकेदार वजनकाट्याचा मिक्सर आणणार आहेत, आणि प्रयोगशाळेकडून एका गोणीचा हिशेबही आला आहे : सिमेंट ५० किलो, पाणी २४ लिटर, क्रश सँड ९० किलो, दोन्ही आकारांची मिळून खडी १५५ किलो. आता घोळ असा की ठेकेदार म्हणतात, ‘ओली वाळू फुगते, म्हणून ती जास्त घ्यायची.’ माझे इंजिनियर भाऊजी म्हणतात, ‘ओली वाळू वजनाला खोटी असते, म्हणून ती जास्त घ्यायची आणि पाणी तोडायचं.’ मिस्त्री म्हणतात, ‘वाळूला हात लावू नका, पाणी मी नजरेने बरोबर करतो.’ कोणाचं ऐकावं? आणि नेमकं किती तोडायचं?
— एक वाचक, पौड परिसर

उत्तर : आपल्या ठेकेदारांचं आणि भाऊजींचं, दोघांचंही बरोबर आहे. फक्त दोघं दोन वेगळ्या मापांबद्दल बोलत आहेत. ठेकेदारांचं बोलणं फर्म्याला लागू पडतं, भाऊजींचं काट्याला. मिस्त्रींच्या बोलण्याकडे नंतर येतो, कारण अनुभवी मिस्त्रींच्या नजरेला बऱ्याच गोष्टी कळतात. पण ही एक गोष्ट कळत नाही आणि ती का कळत नाही ते सांगायला थोडी जागा लागेल.

आधी वाळूतलं पाणी दोन जागी असतं हे लक्षात घेऊ. मटकी रात्रभर भिजवली की ती पाणी पिते. सकाळी निथळून पंचावर पसरली, वरचं पाणी टिपून घेतलं, तर दाणा अंगाने कोरडा होतो, पण पोटातलं पाणी पोटातच राहतं. वाळूच्या आणि खडीच्या दाण्याचं तसंच आहे. दगडाच्या बारीक छिद्रांत शिरलेलं पाणी सिमेंटला मिळत नाही. ते धरून ठेवलेलं आहे, त्यामुळे मिश्रणाच्या पाण्यात त्याची गणना नाही. दाण्याच्या अंगावर जे पाणी लोंबतं ते मात्र मिक्सरमध्ये पडताक्षणी सिमेंटमध्ये मिसळतं, म्हणून ते आपण ओतलेल्या पाण्याइतकंच पाणी आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर वाळूचं आणि खडीचं जे वजन असतं ते सहसा या मधल्या अवस्थेचं असतं : पोट भरलेलं, अंग कोरडं. आपल्या कागदावर तसं लिहिलं आहे का ते एकदा पाहून घ्या. काही प्रयोगशाळा पूर्ण कोरड्या मालाची वजनं देतात, आणि मग पुढचा हिशेब बदलतो.

त्याच प्रयोगशाळेच्या अहवालात ‘पाणी शोषण’ असा एक आकडा असतो. चोवीस तास बुडवून ठेवलेल्या मालाने कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी प्यायलं, तो हा आकडा. आपल्याकडची खडी आणि क्रश सँड दोन्ही काळ्या पाषाणाची, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टची. भरीव काळ्या दगडाची खडी एक-दीड टक्क्याच्या आसपास पाणी पिते, क्रश सँड त्याहून जास्त. जाळीदार, छिद्राछिद्रांचा दगड खाणीत लागला तर हा आकडा बराच वर जातो. म्हणून दुसऱ्या खाणीचा माल आला की जुना आकडा वापरू नका. मी उदाहरणासाठी वाळूचं शोषण २.५ टक्के आणि खडीचं १.२ टक्के धरतो. आपण आपल्या अहवालातले आकडे घाला.

आता साइटवर काय करायचं ते. घरात लोखंडी कढई, गॅसची शेगडी, उलथनं आणि ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा असला की काम भागतं. नमुना घेताना मात्र घाई करू नका. ढिगाच्या वरच्या थरावरून मूठभर उचलली तर ती वाऱ्याने सुकलेली असते, आणि पायथ्याची उचलली तर ती चिंब असते. ज्या बाजूने माल उचलला जाणार आहे त्या बाजूला, मधल्या उंचीवर, हातभर आत खणून पाच-सहा जागची वाळू घ्या, एकत्र कालवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. त्यातली बरोबर १००० ग्रॅम कढईत घाला आणि मध्यम आचेवर हलवत राहा. सुरुवातीला वाळू गोळा होऊन कढईला चिकटते, मग सुटी होते, रंग उतरतो. ती सुकली असं वाटलं की कढईवर थंड काच धरा. काचेवर वाफ धरली तर अजून पाणी आहे. वाफ धरेनाशी झाली की उतरवा, गार होऊ द्या, वजन करा. पुन्हा पाच मिनिटं तापवून पुन्हा वजन करा. दोन वजनं सारखी आली म्हणजे झालं.

समजा १००० ग्रॅमची ९३० ग्रॅम राहिली. ७० ग्रॅम पाणी गेलं. हे ७० ग्रॅम ९३० ला भागायचे, १००० ला नव्हे, कारण सगळे टक्के कोरड्या वजनावर धरलेले असतात. ओलावा आला ७.५ टक्के. त्यातला २.५ टक्के दाण्याच्या पोटात आहे, म्हणजे अंगावर ५ टक्के. खडीसाठी २ किलोचा नमुना घ्या. समजा ती सुकून १९५७ ग्रॅम झाली, तर ओलावा २.२ टक्के, त्यातला १.२ पोटात, अंगावर १ टक्का.

हे हाती आल्यावर आपल्या गोणीचा हिशेब असा लागतो. कागदावरच्या ९० किलो वाळूत दाण्याच्या पोटातलं पाणी धरलेलं आहे. ते काढलं तर निव्वळ कोरडा दगड ८७.८ किलो. तेवढाच दगड आपल्या ओल्या ढिगातून हवा असेल तर ८७.८ ला ७.५ टक्के पाणी जोडून घ्यावं लागेल, म्हणजे काट्यावर ९४.४ किलो. कागदापेक्षा ४.४ किलो जास्त, आणि हे जास्तीचे ४.४ किलो म्हणजेच अंगावरचं ४.४ लिटर पाणी. खडीचंही तसंच : १५५ किलोऐवजी १५६.५ किलो, आणि दीड लिटर पाणी तिच्या अंगावर. दोन्ही मिळून ५.९ लिटर पाणी वाळू-खडीबरोबर आपोआप आलं. कागद २४ लिटर मागतो, तेव्हा आपण ओतायचं फक्त १८ लिटर.

भाऊजींचं म्हणणं ते हेच. पाणी तोडायचं आणि तोडलेल्या पाण्याच्या वजनाएवढी वाळू-खडी वाढवायची. दोन्ही बदल एकाच वेळी होतात आणि एकमेकांवाचून अपुरे राहतात. पुष्कळ ठिकाणी पाणी तोडलं जातं, पण वाळू कागदाप्रमाणेच तोलली जाते. मग दर गोणीमागे सव्वाचार किलो वाळू कमी पडते. एका गोणीत ते जाणवत नाही. स्लॅबच्या शंभर गोण्यांत सव्वाचारशे किलो वाळू कमी गेली की माल खडबडीत होतो, खडी वर येते, तुळईच्या कोपऱ्यात सळ्यांच्या मागे पोकळ्या राहतात आणि काम पुरं होण्याआधीच सिमेंटच्या गोण्या संपतात.

आणि काहीच न बदलता कागदाचे आकडे जसेच्या तसे वापरले तर? ९० किलो ओली वाळू, १५५ किलो ओली खडी आणि २४ लिटर पाणी. अंगावरचं पाणी धरून मिक्सरमध्ये एकूण २९.७ लिटर पाणी गेलं. सिमेंटच्या वजनाशी पाण्याचं प्रमाण ०.४८ हवं होतं, ते ०.५९ झालं. १९१८ साली शिकागोत डफ अ‍ॅब्रम्स यांनी दाखवून दिलं की इतर गोष्टी सारख्या असतील तर काँक्रिटची ताकद या एका प्रमाणावर ठरते. त्यांच्या नियमाने पाहिलं तर एवढ्या फरकाने ताकद पाचव्या ते चौथ्या हिश्शाने उतरते. सिमेंट तितकंच, खर्च तितकाच. प्रयोगशाळेच्या मिश्रणात जे मार्जिन ठेवलेलं असतं ते इथेच खाल्लं जातं.

आता मिस्त्रींची नजर. ती माल पाहते : किती पातळ, किती घट्ट, घमेल्यातून कसा सरकतो. माल पातळ दिसला तर ते पाणी तोडतात, आणि ते योग्यच आहे. पण माल घट्ट दिसण्याला पाणी कमी असणं हे एकच कारण नसतं. वाळू कमी पडली तरी माल खडबडीत होतो आणि हाताला घट्ट लागतो. ओल्या दिवसांत वाळू कमी पडलेलीच असते, म्हणून मिस्त्रींच्या हाताला माल अवघड लागतो, आणि ते सवयीने दोन मगे पाणी घालतात. दुखणं वाळूचं आणि औषध पाण्याचं, असं होतं. नजरेला फरक दिसतो, पण त्याचं कारण दिसत नाही. त्यासाठी कढई लागते.

मिस्त्रींच्या मनात एक ठरीव आकडाही असतो, ‘गोणीला इतकं पाणी’. हा आकडा ऋतूप्रमाणे किती बदलतो ते आपल्याच मिश्रणावर पाहा. एप्रिलमध्ये हीच वाळू ऊन खाऊन अर्ध्या टक्क्यावर आलेली असते आणि खडी ०.३ टक्क्यावर. आता दाण्याचं पोट रिकामं आहे, तो मिक्सरमधलं पाणी पिणार : वाळू पावणेदोन लिटर, खडी जवळपास दीड. तेव्हा ओतायचं पाणी २७ लिटर. एकच कागद, एकच गोणी, एकच घर. जुलैत १८ आणि एप्रिलमध्ये २७. नऊ लिटरचा हा फरक कोणत्याही माणसाच्या नजरेत मावणारा नाही. मुळशीत तर ऋतूच कशाला, गावागणिक पाऊस बदलतो. हिंजवडी-माणच्या बाजूला ढीग दुपारपर्यंत सुकत आलेला असतो, आणि त्याच तालुक्याच्या ताम्हिणीच्या टोकाला पावसाळाभर पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं. आपलं काम या दोहोंच्या मधे आहे, त्यामुळे आपल्या ढिगाचा आकडा कोणाकडून मागून घेता येणार नाही.

आता ठेकेदारांच्या फुगण्याकडे वळू. ही गोष्ट विलक्षण आहे आणि फर्म्याने मोजणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कोरड्या वाळूचे दाणे एकमेकांवर सरकून नीट बसतात. थोडं पाणी घातलं की प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा दाण्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो, त्यांना खाली सरकून दाटीने बसू देत नाही. समुद्रकाठच्या ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, कोरड्याचा ढासळतो, ते याच कारणाने. म्हणून फर्मा भरतो, पण त्यात वाळू कमी आणि हवा जास्त असते. साधारण चार ते सहा टक्के ओलावा असताना हे फुगणं सर्वांत जास्त असतं. वाळू जितकी बारीक तितकी ती जास्त फुगते. बारीक वाळू तीस टक्क्यांच्या पुढेही जाते. खडी फुगत नाही, तिचे दाणे एवढे जड असतात की पापुद्र्याला ते उचलून धरता येत नाहीत.

पण वाळू पुरती चिंब झाली, सगळ्या फटी पाण्याने भरल्या, की पापुद्रा उरतच नाही आणि वाळू पुन्हा कोरड्याइतकी दाट बसते. मुसळधार पावसात उघड्या पडलेल्या ढिगाचा पायथा असा असू शकतो. तेव्हा फर्म्यातली वाळू जवळजवळ बरोबर असते, पण तिच्याबरोबर पाणी भरपूर येतं. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, ढीग निथळला, हाताला वाळू नुसती दमट लागते, मिस्त्री म्हणतात ‘आज वाळू बरी आहे’. नेमक्या त्या दिवशी ती सर्वांत जास्त फुगलेली असते आणि फर्म्यातली वाळू सर्वांत कमी. म्हणून ‘पाऊस जास्त तर वाळू जास्त’ असा सरळ नियम करता येत नाही. मोजावंच लागतं.

मोजणं सोपं आहे. सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या. तिच्यात दमट वाळू न दाबता, न ठोकता, सैल भरा आणि पट्टीने उंची मोजा. समजा २० सेंटीमीटर. ही वाळू परातीत काढा. बरणी अर्धी पाण्याने भरा, वाळू तिच्यात परत घाला, सळईने ढवळा आणि बसू द्या. पापुद्रा मोडला, वाळू खाली बसली. आता उंची १६ सेंटीमीटर. वीस भागिले सोळा, सव्वा. म्हणजे वाळू पंचवीस टक्के फुगलेली होती. क्रश सँडमध्ये दगडाची बारीक पूड असते, ती पाणी गढूळ करते आणि सावकाश वर बसते. तिला वेळ द्या, घाईने मोजाल तर उंची चुकेल.

पायाच्या कामात आपण एम २० साठी बहुधा १ : १.५ : ३ वापरलं असेल. पस्तीस लिटरचा फर्मा एका गोणीएवढा धरतात. दीड फर्मा वाळू म्हणजे साडेबावन्न लिटर. ती पंचवीस टक्के फुगलेली असेल तर खरी वाळू ४२ लिटरच गेली, आणि प्रमाण झालं १ : १.२ : ३. फुगवटा भरून काढायला दीडऐवजी १.८७ फर्मे हवेत. पंचवीस सेंटीमीटर उंचीच्या फर्म्यात पहिला काठोकाठ आणि दुसरा बावीस सेंटीमीटरपर्यंत. आतल्या बाजूला खडूने रेघ मारा, बिगाऱ्याला तोंडी सांगत बसू नका.

फर्म्याच्या कामात पाणी तोडण्यासाठी आयएस ४५६ : २००० या मानकात एक तक्ता आहे. काटा-कढई नसेल तेव्हा त्याचा आधार घेता येतो. अतिशय ओल्या वाळूच्या दर घनमीटरमागे अंगावर १२० लिटर पाणी धरा, मध्यम ओल्या वाळूत ८० लिटर, दमट वाळूत ४० लिटर, आणि दमट खडीत २० ते ४० लिटर. आपल्या ६५ लिटर मध्यम ओल्या वाळूत ते सव्वापाच लिटर भरतं, १०५ लिटर खडीत दोन ते चार. एम २० च्या गोणीला याच मानकात पाण्याची कमाल मर्यादा ३० लिटर आहे. त्यातून सात ते नऊ लिटर वजा केलं तर ओतायचे २१ ते २३ उरतात. मात्र ‘मध्यम ओली’ म्हणजे नक्की किती हे पुन्हा नजरेवर आलं, म्हणून हा आकडा अंदाजापुरता. स्लॅब काट्यावर करताय ते उत्तम. फर्म्याने मोजलेलं ठरीव प्रमाण हे मानक एम २० पर्यंतच चालवून घेतं.

काट्याच्या कामात फुगणं विसरून जा. काट्याला हवा कळत नाही, फक्त वजन कळतं. ठेकेदारांनी फुगवट्यासाठी पंचवीस टक्के वाळू वाढवायची सवय काट्यावर आणली तर ९० किलोची ११२ होईल आणि माल वाळूने भरून जाईल. त्यांना हे आधीच सांगून ठेवा. दोन्ही पद्धतींत ‘वाळू जास्त’ हाच शब्द आहे, म्हणून गोंधळ होतो; कारण वेगळं, आकडाही वेगळा.

माझ्या नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. एका कामावर सकाळी कढईची परीक्षा करून मी पाणी ठरवलं, वहीत लिहिलं आणि दिवसभर तोच आकडा चालवला. सकाळच्या क्यूबची ताकद चांगली आली, दुपारनंतरच्या क्यूबची बरीच कमी. सिमेंट एकाच खेपेचं होतं, मिक्सरवरची माणसं तीच होती. शोधता शोधता लक्षात आलं की जेवणानंतर ढिगाचा वरचा भाग संपला होता आणि माणसं तळातली वाळू उचलत होती. ढिगातलं पाणी वरून खाली उतरतं, तळाशी साठतं. सकाळची वाळू आणि दुपारची वाळू एकाच ढिगातली असली तरी पाण्याच्या हिशेबाने दोन वेगळ्या वाळू होत्या. तेव्हापासून मी तळाची वीतभर वाळू उचलू देत नाही. तो थर निथळण्यासाठी तसाच ठेवायचा आणि नवी वाळू त्याच्यावर ओतायची.

आपल्या कामावर स्लॅबच्या दोन-तीन दिवस आधी पुरेशी वाळू आणून ठेवा, म्हणजे ती निथळून सारखी होईल. ट्रकमधून थेट मिक्सरला वाळू लावली तर प्रत्येक ट्रकचा ओलावा वेगळा मिळतो. क्रशरवर वाळू धुतात, काही वेळा ती अजून टपकत असते. ढिगाखाली थोडा उतार करा, पाणी वाहून जायला वाट ठेवा आणि वरून ताडपत्री घाला. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट दाबू नका, नाहीतर खालचं पाणी कोंडून राहतं. परीक्षा सकाळी काम सुरू होण्याआधी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि मधे सर आली किंवा ढिगाची बाजू बदलली तर पुन्हा. ओलाव्याचा आकडा एक टक्क्याने चुकला तर आपल्या गोणीत पाऊण ते एक लिटर पाणी इकडचं तिकडे होतं. एवढं मिश्रण सोसतं. तीन टक्क्यांची चूक ते सोसत नाही.

दोन परीक्षांच्या मधल्या वेळेत राखण करायला स्लंपचा शंकू ठेवा. समजा पहिल्या काही घाण्यांचा स्लंप ७५ मिलिमीटरच्या आसपास आला आणि अकरा वाजता अचानक १३० आला, तर पाण्याचा नळ गाठण्याआधी वाळूचा ढीग गाठा. ओलावा वाढला असणार. उलट स्लंप घसरला आणि माल खडखडीत, खडी सुटी दिसतेय, तर वाळूचं वजन पाहा. स्लंप स्वतः पाण्याचं मोजमाप नाही, पण काहीतरी बदललं हे तो सगळ्यांच्या आधी सांगतो.

काही कारणाने शेवटच्या क्षणी रेडिमिक्स मागवायची वेळ आली, तर गाडीबरोबर येणारा बॅच शीट मागून घ्या. त्यात वाळूसमोर ओलाव्याचा रकाना असतो. पावसाळ्यात त्या रकान्यात शून्य लिहिलेलं असेल, तर प्लँटवर फोन करून विचारा की वाळूचा ओलावा शेवटचा कधी मोजला. चांगल्या प्लँटवरचा माणूस वेळ सांगतो.

पायाचं काम फर्म्याने झालं, फर्मे उन्हाळ्याच्या हिशेबाने भरले गेले असतील, ही आपली काळजी पत्रात थेट नाही, पण जाणवते. त्या काँक्रिटमध्ये वाळू थोडी कमी पडली असेल आणि पाणी मिस्त्रींच्या हाताप्रमाणे गेलं असेल. उघड्या बाजूंवर खडी उघडी पडलेली, मधमाशांच्या पोळ्यासारखे खड्डे दिसत असतील, तर माती भरण्याआधी ते आपल्या इंजिनियरला दाखवा. दिसत नसतील, आणि तेव्हाचे क्यूब घेतलेले असतील, तर त्यांचा २८ दिवसांचा निकाल पाहा. क्यूब घेतलेच नसतील, तर रीबाउंड हॅमरने अंदाज घेता येतो आणि त्यात शंका आली तर गाभा कापून तपासता येतो.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सातला कढई तापवा. आलेले दोन आकडे, वाळूचं वजन आणि ओतायचं पाणी, मिक्सरच्या पत्र्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहा, आणि पाण्याच्या डब्यावर त्याच पातळीला तार बांधा. दुपारी नवा आकडा आला की जुना पुसून टाका, शेजारी लिहू नका. दोन आकडे दिसले की माणसं सोयीचा घेतात.